फ्रिजच्या दाराला हवा सहा मिलिमीटरचा कल

फ्रिजचं दार हातानं ढकलून, वर कोपरानं दाबून बंद करायची सवय घराला हळूहळू लागते. मुलांना ओरडून सांगावं लागतं, पाहुण्यांना अवघडत सांगावं लागतं. एखाद्या दुपारी कुणाचं लक्ष राहत नाही आणि संध्याकाळी दूध फाटलेलं निघतं. मग मेकॅनिक येतो आणि पहिला संशय दाराच्या रबरावर घेतला जातो. नवं रबर बसतं, दोन दिवस बरं वाटतं आणि दार पुन्हा पहिल्यासारखं अर्धवट उघडं राहायला लागतं. बऱ्याचदा दोष दारातही नसतो आणि रबरातही नसतो. फ्रिज जमिनीवर कसा उभा आहे, यात तो असतो.

दार आपोआप मिटतं ते तीन गोष्टींच्या मदतीनं, आणि त्या तिन्ही एकापाठोपाठ एक कामाला लागतात. पहिली गोष्ट म्हणजे फ्रिजचा मागं असलेला किंचित कल. गावाकडचं फाटक थोड्या कलत्या खांबावर टांगलेलं असलं, की सोडल्याबरोबर स्वतःहून मिटतं. इथंही नेमकं तेच घडतं. दुसरी गोष्ट खालच्या बिजागरीत असते. अनेक मॉडेलमध्ये तिथं उतरत्या कडांचे प्लास्टिकचे दोन तुकडे एकमेकांवर बसवलेले असतात. दार उघडताना ते या उतारावर किंचित वर चढतं आणि मिटताना शेवटच्या टप्प्यात घसरून खाली येतं. तिसरी गोष्ट म्हणजे रबराच्या आत ओवलेली चुंबकाची पट्टी. लोक सगळा भरवसा या चुंबकावर टाकतात, पण त्याची ओढ फार जवळून लागते. दार चौकटीपासून काही मिलिमीटरवर आलं तरच ते त्याला खेचून घेतं. बोटभर अंतरावर थांबलेल्या दाराला चुंबकाचा काहीच उपयोग नसतो.

पूर्वी फ्रिजला खटक्याची कडी असायची. दार ढकललं की कडी अडकायची आणि रबर दाबून धरायची. पण ही कडी आतून उघडता येत नसे. अमेरिकेत टाकून दिलेल्या फ्रिजमध्ये खेळताना लपलेली मुलं गुदमरून दगावली, तेव्हा 1956 साली तिथं कायदा झाला आणि 1958 च्या ऑक्टोबरअखेरीपासून बनणाऱ्या घरगुती फ्रिजचं दार आतून ढकलून उघडता आलंच पाहिजे, असं बंधन आलं. कडी गेली आणि चुंबकाचं रबर सर्वत्र रुळलं. तो बदल फार मोलाचा होता. मात्र कडी दाराला ओढून धरत असे, ते काम आता फ्रिजच्या उभं राहण्याकडे आलं.

हा कल किती असावा? साधारण साठ सेंटिमीटर खोलीच्या फ्रिजची पुढची बाजू मागच्यापेक्षा सहा मिलिमीटर उंच असली, की काम भागतं. अंशात मोजलं तर जेमतेम अर्ध्या अंशाच्या वर. डोळ्यांना तो कल दिसतही नाही. त्यातून दाराला मिळणारं बळही तितकंच नाजूक असतं. बाटल्या, सॉस, लोणच्याच्या बरण्या धरून दाराचं वजन अठरा किलो आहे आणि ते वजन बिजागरीपासून सरासरी अठ्ठावीस सेंटिमीटरवर आहे, असं धरू. मग जवळजवळ मिटलेल्या दाराला हँडलच्या कडेशी मिळणारा रेटा नव्वद ग्रॅमच्या आसपास भरतो. बटाट्याएवढं वजन. अठरा किलोचं दार एवढ्याशा रेट्यावर चालतं. त्यामुळेच बिजागरीत साचलेला चिकटा, दुमडलेलं रबर किंवा थोडा बाहेर राहिलेला भाजीचा ट्रे त्याला सहज अडवतो.

इथं एक बारकावा आहे आणि तो समजला की अर्धं निदान घरच्या घरी होतं. मागच्या बाजूला असलेला कल दाराला सगळ्या कोनांत सारखं ढकलत नाही. दार मिटत आलेलं असताना त्याचा जोर सर्वांत जास्त असतो. अर्ध्यावर तो कमी होतो आणि दार काटकोनात उघडलं की शून्य होतो. काटकोनाच्या पुढं गेलेलं दार तर तोच कल आणखी उघडू पाहतो. म्हणून सताड उघडलेलं दार आपोआप मिटत नाही, ही तक्रार खरं तर तक्रारच नव्हे. भाजी भरताना दार उघडं राहावं, म्हणून ते तसंच असायला हवं.

आडव्या कलाचं गणित याच्या उलट आहे. फ्रिज डावीकडे किंवा उजवीकडे झुकला असेल, तर त्याचा परिणाम दार काटकोनात असताना सर्वांत जास्त होतो आणि मिटलेल्या दारावर जवळपास काहीच होत नाही. फ्रिज बिजागरीच्या बाजूला झुकलेला असला तर दार उघडं पडतं, हँडलच्या बाजूला झुकलेला असला तर मिटायला मदत होते. प्रत्यक्षात हे दोन्ही कल एकत्र काम करतात. दार कुठं थांबतं, कुठून मिटायला लागतं, हे पाहून फ्रिज कुणीकडे झुकलाय ते ओळखता येतं.

सर्वांत फसवा प्रकार असा. फ्रिज किंचित पुढं झुकलाय आणि हँडलच्या बाजूलाही झुकलाय. दार सोडलं की छान मिटायला लागतं, घरातला माणूस पाठ फिरवून निघून जातो आणि दार शेवटच्या वीतभर अंतरावर येऊन थांबतं. तिथं आडव्या कलाचा जोर ओसरलेला असतो आणि पुढचा झुकाव दाराला बाहेर ढकलत असतो. दोन्ही बळं जिथं सारखी होतात तिथं दार स्थिरावतं. हातानं लावलं तर चुंबक धरतो, म्हणून रबर निर्दोष वाटतं, आणि ते असतंही.

दुसरा प्रकार घर बदलल्यावर हमखास दिसतो. जुन्या घरी वर्षानुवर्षं नीट चाललेला डबल डोअर फ्रिज नव्या स्वयंपाकघरात येतो. टेम्पोतून उतरवताना कुठं आपटला असेल, असं सगळ्यांना वाटतं. पण कारण पायाखाली असतं. आपल्याकडच्या अनेक स्वयंपाकघरांच्या फरशीला, विशेषतः जुन्या इमारतींत आणि चाळींत, पाणी वाहून जावं म्हणून मोरीकडे ढाळ दिलेला असतो. शहाबादी फरशी असेल तर एकेका फरशीची पातळीही वेगळी. समजा, फ्रिजची बिजागरी उजव्या हाताला आहे आणि मोरीही उजवीकडेच आहे. पंचावन्न सेंटिमीटर रुंदीत उजवी बाजू पाच मिलिमीटरनं खाली आहे आणि मागचा कल सहाऐवजी दोनच मिलिमीटर भरतो. अशा फ्रिजचं दार वीस अंशांच्या आत, म्हणजे टोकाशी साधारण वीतभर फट असताना सोडलं तर कसंबसं मिटतं. त्यापुढं उघडून सोडलं की ते उलटं फिरतं आणि पूर्ण उघडं होऊन थांबतं. दारात पाण्याच्या बाटल्या जितक्या जास्त, तितक्या जोरात ते उघडतं, कारण कल चुकीच्या दिशेला असेल तर वजन त्या चुकीलाच हातभार लावतं.

हे मोजायला खास हत्यार लागत नाही. गवंड्याची छोटी लेव्हल असेल तर उत्तम, नसेल तर मोबाइलमधली लेव्हल चालते. मात्र मोबाइलच्या पाठीवर कॅमेऱ्याचा उंचवटा असतो, त्यामुळे तो उताणा न ठेवता लांब कडेवर उभा धरायचा. फ्रिजच्या माथ्यावर एकदा डावी-उजवीकडे आणि एकदा मागं-पुढं धरून दोन्ही आकडे टिपून घ्यायचे. आपल्या उदाहरणात पहिला आकडा अर्धा अंश उजवीकडे आणि दुसरा जेमतेम दोन दशांश अंश मागं, असा येईल. पहिला शून्यावर आणायचा आहे, दुसरा अर्ध्या अंशाच्या थोडा पुढं न्यायचा आहे.

बहुतेक फ्रिजना पुढं दोन फिरवता येणारे पाय आणि मागं दोन चाकं असतात. काही मॉडेलमध्ये पाय खालच्या जाळीआड किंवा प्लास्टिकच्या पट्टीमागं दडलेले असतात. ती पट्टी पुढं ओढली की सुटते. काम सुरू करण्याआधी प्लग काढावा, दारातल्या बाटल्या उतरवाव्यात आणि दोन माणसं असावीत. एकानं फ्रिज वरून हळूच मागं रेलवून धरायचा, म्हणजे पायांवरचा भार हलका होतो, आणि दुसऱ्यानं पाय फिरवायचा. भार असताना पान्यानं जोर लावला तर आटे खराब होतात किंवा प्लास्टिकचा पाय तुटतो. साध्या स्क्रूच्या पायाची पुढची कड उजवीकडून डावीकडे ढकलली की पाय लांब होतो आणि तो कोपरा वर उचलला जातो. एखाद्या मॉडेलमध्ये समोरून फिरवायचा स्क्रू असतो, तिथं दिशा वेगळी असू शकते. म्हणून आधी अर्धा फेरा फिरवून फ्रिज वर जातोय की खाली, ते पाहावं.

किती फेरे फिरवायचे, तेही आधी काढता येतं. आटे दीड मिलिमीटर अंतराचे असतील तर एका फेऱ्यात कोपरा दीड मिलिमीटर उचलला जातो. दोन पायांतलं अंतर पन्नास सेंटिमीटर धरलं, तर उजवीकडचा उतार भरून काढायला साडेचार मिलिमीटर, म्हणजे तीन फेरे लागतील. मागचा कल पुरा करायला दोन्ही पाय आणखी दोन-दोन फेरे वर घ्यावे लागतील. म्हणजे उजवा पाय पाच फेरे आणि डावा दोन.

पण गोष्ट इथं संपत नाही. बहुतेकांचं काम इथंच फसतं. फरशीचा ढाळ फक्त पुढच्या पायांखाली नसतो, मागच्या चाकांखालीही असतो, आणि ती चाकं सहसा वर-खाली करता येत नाहीत. पुढचा उजवा कोपरा उचलला आणि मागचा उजवा तसाच खाली राहिला, तर चार पायांच्या टेबलासारखा फ्रिजही डुगडुगायला लागतो. त्याहून वाईट म्हणजे, पातळ पत्र्याची चौकट भाराखाली थोडी पिळवटते. मग वरच्या आणि खालच्या बिजागऱ्या एका सरळ रेषेत राहत नाहीत, आणि दार एका कोपऱ्यात टेकतं तर दुसऱ्या कोपऱ्यात फट सोडतं. म्हणून मागच्या उजव्या चाकाखाली चार मिलिमीटर जाडीचा प्लायवुडचा किंवा ॲक्रिलिकचा तुकडा सरकवायचा आणि मग पुढचे पाय जुळवायचे. पुठ्ठा ठेवू नये, पोछ्याच्या पाण्यानं तो भिजून आठवड्याभरात चेपतो. मऊ रबरही भाराखाली दबत राहतं. शेवटी माथ्याच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांवर आलटूनपालटून हात दाबून पाहायचं. फ्रिज जराही हलला तर एक पाय अधांतरी आहे, तो टेकेपर्यंत फिरवायचा.

बाटल्या परत ठेवल्यावरच खरी परीक्षा घ्यायची. दार अर्ध्यावर, साधारण पंचेचाळीस अंशांवर आणून न ढकलता सोडायचं. ते सावकाश निघावं, शेवटी थोडा वेग धरावा आणि चुंबकानं ‘थप’ असा मऊ आवाज करून चौकटीला चिकटावं. आपटत असेल तर कल जास्त झालाय, पुढचे दोन्ही पाय अर्धा-अर्धा फेरा खाली घ्यावेत. मिटलेलं दार लगेच उघडायला गेलं आणि जरा ओढावं लागलं तर ते चांगलं लक्षण आहे. आत शिरलेली गरम हवा थंड होऊन आकसते, दाराला आतून ओढ बसते, आणि रबर हवा आत येऊ देत नाही म्हणूनच ती ओढ टिकते.

आपल्याकडे आणखी एक अडचण असते, ती म्हणजे फ्रिजखालचा स्टँड. फ्रिज उंचावर घेण्यासाठी किंवा खालून झाडता यावं म्हणून प्लास्टिकचा चाकांचा स्टँड लावतात. त्यात फ्रिजचे मूळ पाय खोबणीत अडकतात आणि कुणी ते पुन्हा फिरवत नाही. काही वर्षांनी स्टँडचा एखादा कोपरा भारानं दबतो, बहुधा मागचा, कारण तळाशी मागं असलेल्या कॉम्प्रेसरचा भार तिथं पडतो. दोन्ही मागचे कोपरे सारखे दबले तर दार अधिकच झपकन मिटतं आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. एकच दबला तर पिळाची सगळी लक्षणं दिसू लागतात. अशा वेळी लेव्हल फ्रिजच्या माथ्याबरोबरच स्टँडच्या चारही कडांवर धरून पाहावी. स्टँड वाकडा असेल तर फ्रिजचे पाय कितीही फिरवा, ते तात्पुरतंच ठरतं.

सगळं समतल करूनही फट उरली, तरच रबराकडे वळावं. कागदाची पट्टी घ्यावी, ती दार आणि चौकटीच्या मध्ये ठेवून दार लावावं आणि ओढून पाहावं. रबर जिथं धरतंय तिथं कागद अडखळत येतो, जिथं फट आहे तिथं तो मोकळा निघतो. चारही कडांना बोटाएवढ्या अंतरानं असं तपासलं की फटीची नेमकी जागा सापडते. फट फक्त एका कोपऱ्यात असेल तर रबर तिथं मुडपलेलं किंवा आकसलेलं असतं. कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं किंवा हेअर ड्रायरची सौम्य ऊब देऊन ते बोटांनी बाहेर ओढायचं आणि रात्रभर दार मिटून ठेवायचं. फोडणीच्या वाफेचा तेलकट थर बसून कडक झालेलं रबर आधी साबणाच्या पाण्यानं पुसावं, निम्म्या वेळा तेवढ्यानंच भागतं. बिजागरीच्या बाजूचं रबर दार लावताना गुंडाळलं जात असेल, तर तिथं पेट्रोलियम जेलीचं अगदी पुसट बोट फिरवलं की ते घसरून जागेवर बसतं. चिरलेलं किंवा चुंबकाची पट्टी तुटलेलं रबर मात्र बदलावंच लागतं, आणि नवं रबरही घडी पडलेलं येतं, त्याला बसायला एक-दोन दिवस द्यावे लागतात.

ही फट तशीच राहिली तर काय होतं, ते पावसाळ्यात सर्वांत चांगलं दिसतं. कोकण-मुंबईच्या दमट हवेतली वाफ फटीतून आत शिरते आणि थंड भागावर गोठते. फ्रॉस्ट फ्री फ्रिजमध्ये हा बर्फ फ्रीझरच्या मागच्या पॅनेलआड, थंड नळ्यांवर साठतो, त्यामुळे डोळ्यांना दिसत नाही. आपोआप बर्फ वितळवणाऱ्या यंत्रणेला तो आवरत नाही आणि खालच्या कप्प्याकडे जाणारी हवेची वाट बुजते. फ्रीझर थंड, खालचा भाग मात्र कोमट, कॉम्प्रेसर अखंड चालू. ही लक्षणं पाहून ‘गॅस संपला’ असं निदान होतं आणि गॅस भरण्याचा खर्च केला जातो. गॅस बंद नळ्यांत फिरतो, गळती असल्याशिवाय तो कमी होत नाही. म्हणून गॅस भरायला होकार देण्याआधी कागदाची पट्टी जरूर फिरवून पाहावी. दार एका कोपऱ्यात धरत नसेल आणि त्याच बाजूला फ्रीझरमध्ये भुसभुशीत पांढरा बर्फ असेल, तर हवा तिथूनच शिरतेय.

बिजागरीच झिजली असेल तर त्याची खूण वेगळी. दार हँडलच्या बाजूला लोंबतं, खालची कड चौकटीवर घासल्याचा चरा दिसतो आणि दार दोन्ही हातांनी वर उचललं तर दोन-तीन मिलिमीटर सहज हलतं. खालच्या पिनेवरचा प्लास्टिकचा बुश झिजलेला असतो किंवा मिटवणाऱ्या उतरत्या तुकड्यांची धार गेलेली असते. पिनेभोवती प्लास्टिकची भुकटी साठलेली दिसली तर शंकाच नको. भाग छोटा आणि स्वस्त असतो, पण दार उतरवावं लागतं. आधी चिकटपट्टीनं दार चौकटीला बांधून मग वरच्या बिजागरीचे बोल्ट सोडायचे, नाहीतर सुटलेलं दार अंगावर येतं. डबल डोअरमध्ये आधी वरचं दार, मग मधली बिजागरी, मग खालचं दार, असा क्रम असतो. दारावर डिस्प्ले असेल तर बिजागरीतून तारा जातात आणि ते काम मेकॅनिककडूनच करून घ्यावं. पुन्हा बसवताना वरच्या बिजागरीची भोकं थोडी लांबट आहेत का, ते पाहावं. तशी असतील तर बोल्ट आवळण्याआधी दार एक-दोन मिलिमीटर सरकवून सरळ करता येतं.

समुद्राजवळच्या घरांत आणि रोज फरशी धुतली जाते तिथं आणखी एक गोष्ट तपासावी लागते. पाय ज्या नटमध्ये फिरतो, तो तळाच्या पत्र्यात बसवलेला असतो. पत्रा गंजला की पाय फिरवल्यावर नटही सोबत फिरतो आणि फ्रिज वर-खाली होतच नाही, किंवा भार पडताच पाय आत दबतो. खाली वाकून टॉर्चच्या उजेडात पाहिलं तर पायाभोवती तांबडे पापुद्रे दिसतात. अशा फ्रिजला पाय फिरवून कल देता येत नाही. चारही कोपऱ्यांखाली मोजून कापलेले प्लायवुडचे ठोकळे पायाऐवजी थेट चौकटीच्या कडेला टेकतील असे ठेवावे लागतात, पुढचे मागच्यापेक्षा सहा मिलिमीटर जाड. फ्रिज अजून बरीच वर्षं वापरायचा असेल तर फॅब्रिकेटरकडून लोखंडी अँगलचा, स्वतःचे फिरते पाय असलेला स्टँड करून घ्यावा.